मुतखडा : लघवी किती व्हावी, खडा का बनतो आणि कळ का येते

कोकणात एप्रिल-मे महिन्यांत मुतखड्याच्या कळेने बेजार झालेले रुग्ण दवाखान्यात वाढू लागतात. त्यांतले बरेचसे लोक आंब्याच्या बागेत, चिरेखाणीवर किंवा मासेमारीच्या होडीवर दिवसभर घाम गाळणारे असतात. त्यांना मिळणारा सल्ला बहुधा एका वाक्यात संपतो, ‘भरपूर पाणी प्या’. हा सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे, कारण ‘भरपूर’ म्हणजे किती हे पोटात गेलेल्या पाण्यावरून ठरत नसून शरीरातून बाहेर पडलेल्या लघवीवरून ठरते. या लेखात सर्वांत जास्त आढळणाऱ्या, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्याचाच विचार केला आहे. युरिक अ‍ॅसिडच्या खड्याचा उल्लेख वाटेत येईल, पण जंतुसंसर्गामुळे होणारे आणि आनुवंशिक सिस्टिनचे खडे हा वेगळा विषय आहे.

खडा कसा धरतो

लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट हे दोन्ही घटक प्रत्येक माणसात असतात आणि दोन्ही निरुपद्रवी आहेत. त्यांची जोडी मात्र पाण्यात फारच कमी विरघळते. मिठागरात उन्हाने पाणी आटत गेले की एका क्षणी मीठ दाणे धरू लागते, तसेच लघवी दाट होत गेली की या दोन घटकांचे स्फटिक पडू लागतात. निरोगी माणसाच्या लघवीतही हे मिश्रण बहुतेक वेळा विरघळण्याच्या मर्यादेपलीकडेच असते. तरीही सगळ्यांना खडे होत नाहीत, याचे एक मोठे कारण लघवीतील सायट्रेट हे आहे. सायट्रेट कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवते, त्यामुळे ऑक्झलेटला मोकळे कॅल्शियम कमी मिळते. शिवाय बनलेल्या बारीक स्फटिकांची वाढही ते रोखते. मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडातून लघवीत येणारी काही प्रथिने याच कामाला हातभार लावतात.

लघवीत तरंगणारे सूक्ष्म स्फटिक बहुधा वाहूनच जातात, म्हणून खडा वाढायचा तर त्याला कुठेतरी चिकटून बसावे लागते. अमेरिकन शल्यचिकित्सक अलेक्झांडर रँडल यांनी 1937 साली दाखवून दिले की मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर, जिथून लघवी थेंबाथेंबाने बाहेर पडते, तिथे काही माणसांमध्ये पांढुरके चट्टे असतात. हे चट्टे कॅल्शियम फॉस्फेटचे असून ऊतींच्या आतून वर आलेले असतात. त्यांच्यावर ऑक्झलेटचे थर चढत जातात आणि महिन्यामहिन्यांनी खडा मोठा होतो. चिकटलेला असेपर्यंत तो दुखत नाही. सोनोग्राफीत अचानक ‘मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा खडा’ असे वाचून घाबरणाऱ्या, पण कधीच न दुखलेल्या माणसाच्या बाबतीत हेच घडत असते.

इथे लघवीच्या आम्लतेचा मुद्दा येतो. कॅल्शियम ऑक्झलेटच्या विरघळण्यावर आम्लतेचा थेट परिणाम फार कमी होतो. युरिक अ‍ॅसिडचे मात्र तसे नाही. लघवीचा सामू साडेपाचच्या खाली राहिला की युरिक अ‍ॅसिड विरघळत नाही आणि सामू साडेसहाच्या आसपास नेला तर तयार झालेला खडासुद्धा हळूहळू विरघळू शकतो. मधुमेह आणि स्थूलता असलेल्यांची लघवी अनेकदा अशी सतत आम्ल असते. ऑक्झलेटच्या खड्यातही आम्लतेला आडवळणाने महत्त्व आहे. मांसाहार जास्त झाला की शरीरात आम्ल वाढते, त्याला तोंड देताना मूत्रपिंड सायट्रेट लघवीत सोडण्याऐवजी परत शोषून घेते आणि लघवीतला रक्षकच कमी होतो.

कळ अशी का येते

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी मूत्रवाहिनी सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. खडा सुटून तिच्यात उतरला की तो तीनपैकी एका अरुंद जागी अडकतो. पहिली जागा मूत्रपिंडातून ती सुरू होते तिथे, दुसरी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे आणि तिसरी, सर्वांत अरुंद, मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरते तिथे.

खडा भिंतीला ओरखडतो म्हणून दुखते, असा समज सर्वत्र आहे, पण मुख्य कारण ते नव्हे. अडथळ्याच्या वर लघवी तुंबते, आतला दाब वाढतो आणि मूत्रपिंडाचा आतला कप्पा व वरचे आवरण ताणले जाते. हा ताण हीच खरी वेदना. त्यातच ताणलेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ती मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अडथळा असतानाही लघवी काही काळ जास्तच बनते आणि दाब आणखी चढतो. मूत्रवाहिनीचे स्नायू खड्याला पुढे ढकलण्यासाठी जोराने आकसतात, तेव्हा कळ टोकाला जाते, आणि लाट ओसरली की थोडे हायसे वाटते. अनेकांना मधल्या वेळातही बोथट दुखणे राहतेच.

वेदना कुठे पोहोचते यावरून खडा कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. तो वर असेल तर कमरेच्या वर, बरगडीखाली मागच्या बाजूला दुखते. खाली सरकला की वेदना जांघेकडे, पुरुषांत वृषणाकडे आणि स्त्रियांत योनिमार्गाच्या बाहेरील भागाकडे उतरते, कारण या जागांच्या संवेदना मज्जारज्जूच्या त्याच पातळीवर पोहोचतात. तो मूत्राशयाच्या तोंडाशी आला की वारंवार लघवीला लागते आणि होते मात्र थेंबभर. मळमळ आणि उलटी येते ती पोट बिघडल्यामुळे नव्हे, तर मूत्रपिंड आणि जठर यांना जाणारे चेतातंतू एकाच जाळ्यातून येतात म्हणून.

एक खूण अनुभवी परिचारिकांना पाहताक्षणी कळते. मुतखड्याचा रुग्ण एका जागी पडून राहू शकत नाही. तो उठतो, बसतो, कंबर धरून खोलीत येरझाऱ्या घालतो. अपेंडिक्स फुटलेला किंवा पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेला रुग्ण मात्र हलला की जास्त दुखते म्हणून निपचित पडतो. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली, विशेषतः डाव्या बाजूला, तर पोटातील महारोहिणी फुगल्याची शक्यता आधी तपासून घ्यावी लागते.

कळ सुरू झाल्यावर काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे त्या वेळी तांब्यावर तांब्या पाणी पिऊ नये. ‘पाण्याच्या लोंढ्याने खडा ढकलला जाईल’ हा तर्क पटण्यासारखा वाटतो, पण वर सांगितल्याप्रमाणे तुंबलेल्या जागी जास्त लघवी आली की दाब वाढतो आणि उलट्यांमध्ये ते पाणी बाहेरच पडते. तहान भागेल इतके घोटघोट प्यावे, इतकेच. उलट्या थांबत नसतील तर शिरेतून द्रव देण्याची गरज पडते, तीही शरीरातली तूट भरून काढण्यासाठी, खडा वाहून नेण्यासाठी नव्हे.

डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक इथे चांगले लागू पडते, कारण ते प्रोस्टाग्लँडिनच थांबवते, म्हणजे दाबाच्या मुळावरच घाव घालते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमकुवत आहे, पोटात अल्सर आहे, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे औषध स्वतःहून घेऊ नये. उन्हात राबून शरीर कोरडे पडलेल्या माणसालाही ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देणे धोक्याचे आहे.

काही लक्षणांत मात्र थांबायचे नसते. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढत आहेत असे समजून त्याच रात्री रुग्णालय गाठावे. अशा वेळी फक्त अँटिबायोटिक पुरत नाही. आत नळी घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात छिद्र करून लघवीला वाट करून द्यावी लागते आणि त्याला उशीर झाला तर जंतू रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. लघवी पूर्ण बंद होणे किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला कळ येणे हीसुद्धा तितकीच तातडीची बाब आहे. गावातून तालुक्याच्या ठिकाणी पोहोचायला दोन तास लागतात अशा वाड्या कोकणात अजून पुष्कळ आहेत, म्हणून सकाळची वाट पाहू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पाच मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश आपोआप पडतात, त्याला काही आठवडेही लागू शकतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरते. खालच्या भागात अडकलेल्या, जरा मोठ्या खड्यासाठी टॅम्सुलोसिन हे मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणारे औषध देतात. या काळात लघवी बारीक गाळणीतून किंवा पातळ मलमलीतून गाळावी आणि मिळालेला खडा कोरडा करून तपासणीला द्यावा. खडा कशाचा होता हे कळल्याशिवाय पुढचे पथ्य अंदाजानेच पाळावे लागते आणि नेमकी हीच गोष्ट लोक आनंदाच्या भरात शौचकुपात सोडून देतात.

इथे आणखी एक धोका आहे. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे नव्हे. कोंडमारा तसाच राहून मूत्रपिंडाचा दाब हळूहळू उतरतो, वेदना जाते आणि मूत्रपिंड मात्र आठवड्यांमागून आठवडे खराब होत राहते. खडा हातात आला नसेल तर पुन्हा तपासणी करून घ्यावीच. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा अनेकदा दिसत नाही. शंका राहिली तर कमी किरणोत्सर्गाचे साधे सीटी स्कॅन सर्वांत खात्रीचे. एक्स-रेमध्ये शुद्ध युरिक अ‍ॅसिडचा खडा दिसतच नाही.

चोवीस तासांची लघवी : एक उदाहरण

खडा पडून गेल्यावर महिना-दीड महिन्याने, नेहमीचे खाणेपिणे आणि नेहमीचे काम चालू असताना, चोवीस तासांची लघवी गोळा करावी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, शौचाच्या वेळची धरून, प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात जमा करायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी होणारी पहिली लघवी मात्र डब्यात घ्यायची. सर्वाधिक चुका या दोन टोकांनाच होतात. कामावर जाणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी, घरी पंख्याखाली बसून गोळा केलेली लघवी त्याच्या खऱ्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही.

रत्नागिरीजवळच्या कलमांच्या बागेत आंबे उतरवणारा अडतीस वर्षांचा एक कामगार घेऊ. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण असा अहवाल अगदी नेहमीचा म्हणावा असा असतो. एकूण लघवी 1.1 लिटर, कॅल्शियम 240 मिलिग्रॅम, ऑक्झलेट 38 मिलिग्रॅम, सायट्रेट 250 मिलिग्रॅम आणि सोडियम 230 मिलिमोल. कॅल्शियम आणि ऑक्झलेट छापील मर्यादेच्या आत असल्याने अहवालावर त्यांच्यापुढे ‘सामान्य’ असेच लिहून येईल. सायट्रेट 320 च्या खाली असल्यामुळे कमी धरतात. पण खरा दोषी पहिला आकडा आहे.

सामान्य दिसणारे हे घटक इतक्या कमी पाण्यात किती दाट होतात ते पाहू. कॅल्शियम लिटरमागे सुमारे 218 मिलिग्रॅम आणि ऑक्झलेट 35 मिलिग्रॅम होते. त्याच माणसाने काहीही न बदलता फक्त लघवी अडीच लिटरवर नेली, तर हेच आकडे 96 आणि 15 होतील. स्फटिक पडण्याची शक्यता या दोन्हींच्या गुणाकाराबरोबर वाढते, म्हणून लघवी सव्वादोन पट केल्यावर तो गुणाकार सुमारे पाचपट उतरतो. सायट्रेट, मॅग्नेशियम यांच्यामुळे प्रत्यक्षातला हिशोब याहून गुंतागुंतीचा असतो, पण दिशा हीच. पाण्याइतका मोठा परिणाम दुसऱ्या कोणत्याही एका पथ्याने साधत नाही, तो यामुळेच. इटलीत लोरेन्झो बोर्घी आणि सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, पहिल्या खड्यानंतर भरपूर पाणी पिऊन लघवी वाढवणाऱ्या गटात 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात 27 टक्क्यांना.

आता या कामगाराने प्यायचे किती? उन्हाळ्यातील कामाच्या दिवशी घाम आणि श्वास यांतून त्याचे साडेतीन लिटर पाणी जाते असे धरू. लघवी हवी अडीच लिटर. म्हणजे सहा लिटरचा खर्च. भात, आमटी, फळे यांतून एक लिटर येते असे मानले तरी पाच लिटर प्यावेच लागते. ‘रोज तीन लिटर’ हा सरसकट आकडा त्याला लघवीपुरते जेमतेम अर्धा लिटर शिल्लक ठेवतो. पावसाळ्यात घरी बसणाऱ्या शिक्षकाला तोच आकडा पुरेसा ठरेल. म्हणूनच तांब्या न मोजता लघवी मोजावी. घरी एक लिटरच्या रिकाम्या बाटलीवर खुणा करून महिन्यातून एखाद्या कामाच्या दिवशी मोजले तरी पुरते.

हे पाणी दिवसभर विभागून प्यायचे असते, कारण एकदम प्यायलेले पाणी तासा-दोन तासांत निघून जाते आणि उरलेला वेळ लघवी पुन्हा दाटच राहते. रात्र हा सर्वांत दाट काळ. झोपताना एक पेला आणि रात्री लघवीला उठावे लागले तर आणखी अर्धा पेला, एवढे तरी करावे. काजू सोलणाऱ्या किंवा बाजारात मासळी विकणाऱ्या स्त्रिया दिवसभर पाणी टाळतात, कारण जवळ स्वच्छतागृह नसते. त्यांना पाण्याचे प्रमाण सांगण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे. हृदयविकार, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्यांनी मात्र वरचा हिशोब स्वतःला लावू नये.

मीठ, दूध आणि अळू

त्याच अहवालातले 230 मिलिमोल सोडियम म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम मीठ, आणि घामातून गेलेले मीठ यात धरलेलेच नाही. सोडियम बाहेर टाकताना मूत्रपिंड त्याच्याबरोबर कॅल्शियमही सोडते. दर 100 मिलिमोल सोडियममागे साधारण 40 मिलिग्रॅम जास्तीचे कॅल्शियम, असा ढोबळ हिशोब आहे. त्याने सोडियम 100 वर आणले तर कॅल्शियम पन्नासेक मिलिग्रॅमने उतरेल. आपल्याकडे हे मीठ ताटात वरून घेतलेले नसते. ते सुक्या बोंबलात, खाऱ्या सुकटीत, लोणच्यात, पापडात आणि कोकमाच्या आगळात असते. आगळ मीठ घालूनच टिकवतात, म्हणून रोज दोन वाट्या सोलकढी पिऊन ‘मी मीठ कमी केले’ असे म्हणण्यात अर्थ नाही. सुकी मासळी रात्रभर भिजवून ते पाणी टाकल्यास बरेच मीठ निघून जाते.

सर्वांत हट्टी गैरसमज दुधाचा आहे. खड्यात कॅल्शियम आहे म्हणून दूध, दही बंद करायला सांगणारे लोक अजून भेटतात. आतड्यात मात्र उलटे घडते. जेवणातले कॅल्शियम तिथेच ऑक्झलेटला पकडते आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियम नसेल तर मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत पोहोचते. बोर्घी यांच्याच 2002 सालच्या अभ्यासात, वारंवार खडे होणाऱ्या पुरुषांत, नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांसाहार घेणाऱ्यांपैकी 20 टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम तोडणाऱ्या गटात हे प्रमाण 38 टक्के होते. अट इतकीच की दही किंवा ताक जेवणाबरोबर घ्यावे. रिकाम्या पोटी घेतलेली कॅल्शियमची गोळी हे काम करत नाही.

अळू खाताना घशाला जी खाज सुटते ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच किंवा आमसूल घालून खाज कमी झाली तरी ऑक्झलेट नाहीसे होत नाही. शिवाय रक्तात शोषले जाते ते सुयांतले नव्हे, तर पानातले विरघळणारे ऑक्झलेट. ते कमी करायचे तर पाने उकळून पाणी टाकून द्यावे लागते. फदफद्यात तेच पाणी आपण खातो. खडा झालेल्या माणसाने अळू कायमचे सोडावे असे मला वाटत नाही. महिन्यातून एकदा, ताकाबरोबर, थोडे खावे. काजूगर मात्र हंगामात मूठमूठ खाल्ले जातात आणि त्यांतही ऑक्झलेट भरपूर असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या कामगाराने मीठ उतरवले आणि जेवणाबरोबरच्या ताकामुळे ऑक्झलेट 38 वरून 30 वर आले असे धरले, तर अडीच लिटर लघवीत कॅल्शियम लिटरमागे 76 आणि ऑक्झलेट 12 मिलिग्रॅम उरेल. मूळ गुणाकाराच्या तुलनेत ही आठपट घट आहे. सायट्रेट वाढवण्यासाठी पाण्यात लिंबू पिळावे, अधूनमधून शहाळे प्यावे, पण लिंबू सरबतात मीठ-साखर घालू नये. एवढ्यानेही सायट्रेट कमीच राहिले तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. ते घेताना रक्तातील पोटॅशियम तपासत राहावे लागते.

कुळथाचा काढा आणि पानफुटीचा रस यांच्याबद्दल विचारणा होतेच. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा लघवीत विरघळवणारे औषध आज उपलब्ध नाही, काढ्यातही नाही. खडा पडला त्याच आठवड्यात काढा चालू असेल, तर श्रेय त्याला मिळते इतकेच. कुळथाची पिठी जेवणात जरूर असावी, तिच्यासोबत पोटात पाणीही जाते. पेजेचेही तेच, फक्त वरून मीठ बेताने.

बदल केल्यावर दोन-तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा पुन्हा चोवीस तासांची लघवी तपासावी. कोकणात ही तपासणी ऑगस्टमध्ये करून समाधान मानू नये. पावसाळ्यात घाम कमी आणि काम कमी असल्याने तोच माणूस सहज दोन लिटर लघवी करतो. एप्रिलच्या शेवटी, पेट्या भरण्याची घाई ऐन भरात असताना डबा बागेत बरोबर नेऊन गोळा केलेल्या लघवीतच अडीच लिटर भरले पाहिजेत.